३० मिलीच्या काचेच्या बाटलीचा खोका: केएलडी काढताना पॅनलची मापं कशी धरायची?

रानजाई

नमस्कार मंडळी. वाईजवळ आमचं घरगुती केशतेलाचं काम आहे. आतापर्यंत बाटल्या नुसत्या लेबल लावून द्यायचो, आता दुकानांत ठेवायचं ठरलं आहे म्हणून खोका हवा. पहिली खेप हजार नगांची.

बाटली ३० मिलीची, अंबर काचेची, ड्रॉपरची. लेबलसकट व्यास ३३ ते ३३.४ मिमी भरतो आणि ड्रॉपर घट्ट बसवून उंची १०२ ते १०२.५. प्रेसवाल्यांनी ३०० जीएसएमचा एफबीबी, म्हणजे फोल्डिंग बॉक्स बोर्ड, सुचवला आहे. खोका साधा, चार बाजूंचा, वर आणि खाली आत खोचायचं झाकण. केएलडी, म्हणजे कापायच्या आणि घडीच्या रेषांचा उलगडलेला नकाशा, तुम्हीच काढून आणा, मग कापायच्या साच्याचा, म्हणजे डायचा, खर्च तेवढाच लागेल, असं ते म्हणाले. मी Inkscape वापरते, चित्र काढायला अडचण नाही.

अडचण मापांची आहे. चौघांना विचारलं तर चार उत्तरं आली. बाटली ३३ची आहे तर पॅनल ३३चं घ्यायचं, ३४चं की ३५चं? चारही पॅनल सारखी ठेवायची का? गम लावायची पट्टी किती रुंद हवी? डाय बनला की बदल म्हणजे पुन्हा पैसे, म्हणून आधी विचारून घेते आहे.

सरळरेष

ताई, एवढा विचार करू नका. मी पॅकेजिंगची बरीच डिझाइन्स केली आहेत. बाटलीच्या मापात सगळीकडे दीड-दोन मिमी वाढवायचे, चार सारखे चौकोन शेजारी शेजारी, डावीकडे १५ मिमीची पट्टी, वर-खाली झाकणं. ३५ × ३५ × १०४ धरा. बोर्ड अर्ध्या मिमीचासुद्धा नसतो, त्यानं फरक पडत नाही.

वाटसरू

काचेची बाटली आहे तर ३०० जीएसएम अजिबात चालणार नाही. कुरियरवाले फेकतात. तीन प्लायचा कोरुगेटेड बॉक्स घ्या, ई फ्लूट. फेफ्को ०४२७ म्हणून शोधा, तयार नकाशे मिळतात.

रानजाई

वाटसरू, कुरियरसाठी बाहेरचा कोरुगेटेड खोका वेगळा आहेच, त्यात बारा नग बसवणार आहोत. हा प्रश्न दुकानाच्या फळीवर उभ्या राहणाऱ्या आतल्या छापील खोक्याचा आहे.

सरळरेष, धन्यवाद. पण चारही पॅनल सारखी घेऊ नका असं मला एका जाणकारांनी सांगितलं, कारण मात्र सांगितलं नाही. तिथेच अडले आहे.

रूल_आणि_रबर

भोसरीला डाय बनवण्याच्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सरळरेष यांचं ३५ हे माप चुकलेलं नाही. फक्त ते जिथून आलं पाहिजे तिथून आलेलं नाही, आणि म्हणून चौथ्या पॅनलला फसतं.

ताई, आधी प्रेसवाल्यांकडून ज्या बोर्डावर छपाई होणार त्याचाच एक तुकडा मागा आणि त्याची जाडी मायक्रोमीटरनं मोजून घ्या. जीएसएम म्हणजे वजन, जाडी नव्हे. एफबीबी फुगीर असतो, तेवढ्याच जीएसएमचा डुप्लेक्स त्यापेक्षा पातळ भरतो. केएलडीवर "३०० जीएसएम" एवढंच लिहून आलं की डायवाला जाडी अंदाजानं धरतो. तुमचा बोर्ड ०.४५ निघाला असं समजून पुढे जाऊ. चित्रात ती ०.५ धरायची.

आता आतली जागा. सर्वांत जाड बाटली ३३.४, काचेच्या मापात होणारा फरक आणि सहज आत सरकायला मोकळीक मिळून आत ३४.५ हवेत. केएलडीत आपण मोजतो ते क्रीझच्या, म्हणजे घडीच्या रेषेच्या, मध्यापासून पुढच्या क्रीझच्या मध्यापर्यंत. घडी घातल्यावर दोन्ही टोकांना अर्धी अर्धी जाडी आतली जागा खाते. म्हणून ३४.५ अधिक ०.५, म्हणजे ३५.

हे झालं पहिल्या तीन पॅनलचं. चौथ्याच्या एका बाजूला क्रीझ आहे आणि दुसऱ्या बाजूला कापलेली मोकळी कड. गम फ्लॅप या पॅनलच्या आतून चिकटतो आणि ती मोकळी कड कोपऱ्यावर येऊन थांबते. चौथंही ३५चं ठेवलं तर कड कोपऱ्याच्या बाहेर डोकावते. बोट फिरवलं की खरखर लागते, फळीवर घासून रंग उडतो, नाहीतर पेस्टिंग करणारा, म्हणजे खोका चिकटवणारा, ती कड मागे ओढून बसवतो आणि खोका तिरका होतो. म्हणून ते पॅनल जाडीइतकं कमी, ३४.५.

छापील बाजू वर ठेवून डावीकडून उजवीकडे असं दिसेल:

```
गम फ्लॅप | मागे | डावी बाजू | पुढे | उजवी बाजू
   १३    |  ३५  |    ३५     |  ३५  |   ३४.५
```

सांधा मागच्या कोपऱ्यात येतो, ग्राहकासमोर नाही. एकूण रुंदी १५२.५.

गम फ्लॅप १३ पुरे. १५ घेतलात तरी बिघडत नाही. तो आतून एका पॅनलला चिकटतो तेव्हा तिथे आतली जागा अर्ध्या मिमीनं कमी होते, हे बरेच जण विसरतात. चौकोनी साबण असता तर मी आणखी अर्धा मिमी वाढवायला सांगितलं असतं. तुमची बाटली गोल आहे, ती पॅनलच्या मध्याला टेकते, कोपऱ्यापासून साडेसतरा मिमीवर. फ्लॅप तेरालाच संपतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत हिशेब बदलत नाही.

फ्लॅपची वरची आणि खालची टोकं सरळ कापू नका, साधारण पंधरा अंशांनी आत उतरती ठेवा. नाहीतर झाकण खोचताना ती आडवी येतात.

सरळरेष

चौथ्या पॅनलचं पटलं. आम्हाला केएलडी नेहमी प्रेसकडूनच येते, त्यामुळे ते अर्धा मिमी कधी लक्षात आलं नव्हतं. पण उंचीत तरी असलं काही नसेल ना? १०४ ठेवलं की झालं.

रूल_आणि_रबर

उंचीत जास्तच आहे. वरून बघा, खोका बंद झाल्यावर तिथे किती थर येतात? सर्वांत वर झाकण, त्याच्या खाली दोन्ही बाजूंनी आत वळलेले डस्ट फ्लॅप. खालीही तसंच.

आत १०४ मोकळे हवेत. बाजूच्या पॅनलला डस्ट फ्लॅप आहेत. तिथे पॅनलच्या रुंदीचाच नियम लागू, दोन क्रीझमध्ये १०४.५. झाकण मात्र डस्ट फ्लॅपच्या वरून जातं, म्हणून त्याची क्रीझ दोन्ही टोकांना आणखी एकेक जाडी बाहेर हवी. म्हणजे पुढच्या-मागच्या पॅनलला १०५.५. चित्रात झाकणाची क्रीझ आणि शेजारच्या डस्ट फ्लॅपची क्रीझ एका रेषेत दिसत नाहीत, अर्ध्या मिमीची पायरी दिसते. नवीन डिझायनर ती पायरी चूक समजून रेषा जुळवून टाकतात. मग झाकण बसल्यावर मध्ये फुगून राहतं, दाबलं की पुन्हा वर येतं.

झाकणाची खोली ३४.५, खोचायची जीभ १३. जीभ दोन्ही बाजूंनी पाऊण-एक मिमी कमी आणि कोपरे गोल. डस्ट फ्लॅप १६ ठेवा. समोरासमोरचे दोन मिळून ३५च्या आत राहायला हवेत, एकमेकांवर चढले तर तिथे तिसरा थर येतो.

मीनल_ठाणे

रानजाई, Inkscape वापरत असशील तर एक गोष्ट आधी बघ. `Edit > Preferences > Tools` मध्ये `Visual bounding box` निवडलेलं असतं. त्यात रेषेची जाडीसुद्धा मापात धरली जाते. ३५चा चौकोन ०.२५च्या रेषेनं काढलास तर वर रुंदी ३५.२५ दिसते. मग आपण ती "दुरुस्त" करून ३५ टाइप करतो आणि खरा चौकोन ३४.७५चा होतो. इथे अर्ध्या अर्ध्या मिमीचा हिशेब चालू आहे, त्यात हे असं पाव मिमी गेलं तर शोधून सापडत नाही. `Geometric bounding box` कर आणि मगच मापं टाक.

दुसरं, कापायची रेष आणि क्रीझची रेष वेगळ्या लेयरवर, वेगळ्या रंगात ठेव आणि डायवाल्याला त्यात आर्टवर्क न घालता फक्त रेषांची फाइल दे. Inkscape मध्ये स्पॉट कलर आणि ओव्हरप्रिंट नीट सांभाळता येत नाही, त्यामुळे छपाईच्या फाइलमध्ये केएलडी वरून बसवायचं काम प्रेसच्या डीटीपीवाल्यांकडूनच करून घे. नाहीतर केएलडीची रेष खोक्यावर छापून येते, किंवा रेषेखालचा रंग गाळला जातो आणि तिथे पांढरी फट दिसते.

कुडाळचा_बाळू

धागा वाचतोय. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण खोक्याचाच. आमचे काजूगर पाव किलोच्या खोक्यात जातात. आत प्लास्टिकची पिशवी, बाहेर छापील खोका, १०० मिमी रुंद आणि १५० उंच. उन्हाळ्यात खोका ताठ असतो. जून लागला की पुढचं पॅनल पोट सुटल्यासारखं बाहेर येतं. दुकानदार म्हणतात माल जुना आहे. जीएसएम वाढवून बघितलं, फरक नाही. हे पिशवीतल्या हवेमुळे होतं का?

रूल_आणि_रबर

बाळू, पिशवी बाहेर काढून रिकामा खोका दोन दिवस तसाच उघड्यावर ठेव. तरीही पोट आलं तर हवेचा दोष नाही, ग्रेनचा आहे.

बोर्डातले तंतू कारखान्यात एका दिशेनं लागलेले असतात. ओल लागली की तंतू लांबीत जवळपास वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणजे बोर्ड ग्रेनच्या आडव्या दिशेनं पसरतो. तुझ्या खोक्याचा ग्रेन उभा असेल तर पॅनल रुंदीत पसरतं. दोन्ही बाजूंना उभ्या क्रीझनी पकडलेलं असल्यामुळे त्याला जायला जागा एकच, बाहेर. ग्रेन खोक्याभोवती आडवा असेल तर पसरणं उंचीत होतं आणि पॅनलचा आडवा ताठपणाही टिकतो. म्हणून अशा खोक्यात ग्रेन चार मुख्य क्रीझना काटकोनात ठेवतात.

तपासायला खोका उकलून पॅनलचा चौकोनी तुकडा काप आणि मागची, न छापलेली बाजू किंचित ओली कर. तुकडा नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेनं, ग्रेन त्याच दिशेनं.

कुडाळचा_बाळू

केलं काका. नळी उभी झाली. म्हणजे ग्रेन उभा. पण प्रेसवाल्यानं असं का केलं असेल? त्याला माहीत नसेल असं वाटत नाही.

तारांगण

सांगलीला आमचा छोटा प्रेस आहे, म्हणून प्रेसच्या बाजूनं लिहितो. बहुतेक वेळा कारण शीटवर किती नग बसतात हे असतं.

रानजाई ताईंचंच उदाहरण घेऊ. त्यांचा पूर्ण उलगडलेला खोका १५२.५ रुंद आणि २००.५ उंच. वरचं झाकण मागच्या पॅनलला आणि खालचं पुढच्या पॅनलला लावलं, तर एका नगाचं झाकण दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत जाऊन बसतं. म्हणजे उभ्या रांगेत पुढचा नग दोनशेऐवजी साधारण १५८वर सुरू करता येतो, त्यात ब्लीडची, म्हणजे कडेबाहेर थोडा जास्त छापायच्या रंगाची, जागाही आली.

आता आमच्याकडची शीट २० × ३० इंच, ग्रेन लांब बाजूनं. ग्रेन खोक्याभोवती आडवा ठेवून मांडलं तर लांबीत चार आणि रुंदीत दोन, आठ नग बसतात. तीच मांडणी नव्वद अंशांत फिरवली की तीन गुणिले चार, बारा नग. कोणीही दर मागताना ग्रेनचा उल्लेख केला नाही तर प्रेसवाला बारा बसवणार आणि दर कमी सांगणार. यात फसवणूक नाही, त्याला कोणी अटच घातली नव्हती.

ताई, तुमच्या केएलडीवर गम फ्लॅपकडून चौथ्या पॅनलकडे जाणारा एक बाण काढा आणि "ग्रेन" असं लिहा. दर मागतानाच तो कागद दाखवा. ज्यांच्याकडे २३ × ३६ घेणारं मशीन आहे त्यांच्याकडे ग्रेन बरोबर ठेवूनही पंधरा नग बसतात, त्यामुळे मोठ्या मशीनचा दर कदाचित फार वाढणार नाही.

रानजाई

हे कोणीच सांगितलं नव्हतं. बाण काढला.

आता एक दिसण्याचा प्रश्न. आमचा खोका गडद हिरवा आहे, चारही बाजूंनी भरीव रंग. बाजारातल्या काही गडद खोक्यांच्या कोपऱ्यांवर पांढऱ्या भेगा दिसतात, तसं होऊ नये. लॅमिनेशन केलं तर टळेल का?

सरळरेष

हो, मॅट लॅमिनेशन करा. फिल्म रंगाला धरून ठेवते. गडद रंगाला मी नेहमी तेच सांगतो.

रूल_आणि_रबर

भेगा झाकतील, पण भेग का पडते ते बघायला हवं.

क्रीझ म्हणजे बोर्ड दाबून पातळ केलेली जागा असं समजतात. चांगल्या क्रीझमध्ये बोर्ड आतल्या थरांत सुटा होतो. डायमधली बोथट पट्टी छापील बाजूनं बोर्डाला खालच्या चॅनलच्या खाचेत ढकलते, आतले थर एकमेकांपासून सुटतात, आणि घडी घातली की ते आतल्या बाजूला एक गोल वळी होऊन बसतात. छापील थराला ताण न बसता वळायला जागा मिळते. थर सुटलेच नाहीत तर सगळा ताण बाहेरच्या कातडीवर येतो आणि ती फाटते.

पट्टीची उंची इथे महत्त्वाची. कापायची पट्टी २३.८ मिमी उंच असते, क्रीझची तिच्यापेक्षा बोर्डाच्या जाडीइतकी कमी, तुमच्यासाठी साधारण २३.३. चॅनलच्या खाचेची रुंदी जाडीच्या दीडपट अधिक पट्टीची जाडी. पट्टी दोन पॉइंटची म्हणजे ०.७१ मिमी, त्यात दीडपट ०.४५ मिळवले की १.४ येतात. कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात करायची ही युक्ती ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअरची, १८७९ची. बियाण्याच्या पिशव्यांना घडी पाडणारी पट्टी छापताना वर सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. दोन पट्ट्यांच्या उंचीत फरक ठेवला तर एका दाबात दोन्ही कामं होतील, हे त्याला त्यातून दिसलं. आजही सगळा खेळ त्या अर्ध्या मिमीचा आहे.

पंचिंगची, म्हणजे डायखालून निघालेली, पहिली शीट आली की एक क्रीझ नव्वद अंशांत वळवा आणि आतून बघा. एकसारखी, गोल, सलग वळी दिसली पाहिजे. वळी चपटी किंवा दोन भागांत फुटलेली असेल तर खाच मापाची नाही. बाहेरून भेग असेल आणि आत वळी जेमतेम असेल तर दाब कमी. बोर्ड तिथे कापल्यासारखा झाला असेल तर दाब जास्त. लॅमिनेशन आधी झालं असेल तर बाहेरची भेग दिसत नाही, पण आतली वळी खोटं बोलत नाही.

तारांगण

काका, मापं बरोबर. पण लहान प्रेसमध्ये चॅनलची पट्टी प्रत्येक जाडीची ठेवलेली नसते. आम्ही हातानं शीट भरायच्या प्लेटनवर खाली प्रेसबोर्ड लावून त्यातच खाच कापतो आणि हजार-दोन हजार नगांना ते उत्तम चालतं. ताईंनी "चॅनल वापरा" असा आग्रह धरला तर छोटा प्रेसवाला कामच नाकारेल. आतली वळी बघा, हे मात्र शंभर टक्के खरं.

रूल_आणि_रबर

हजार नगांना हातानं कापलेली खाच चालते, मान्य. खेप वाढली की तिच्या कडा झिजतात आणि शेवटच्या नगांची क्रीझ पहिल्यांसारखी राहत नाही. मी चॅनलच घेईन.

वाटसरू

आधी मी प्रश्न नीट वाचला नव्हता, पण गम फ्लॅपबद्दल माझा अनुभव उपयोगी पडेल. आम्ही उदबत्तीचे खोके करून घेतले होते. मॅट लॅमिनेशन, दिसायला सुरेख. महिन्याभरात गोदामात सांधे सुटायला लागले. प्रेस म्हणाला, गम बदलतो. बदलला, तरी सुटले. मग आम्ही घरी बसून सेलोटेप लावली.

रूल_आणि_रबर

सुटलेल्या सांध्याची आतली बाजू आठवते का? फ्लॅपवर कागदाचे तंतू ओरबाडून आले होते, की गमाचा चकचकीत पापुद्रा सालासारखा निघत होता?

वाटसरू

पापुद्रा. नखानं अख्खा निघायचा.

रूल_आणि_रबर

मग गम बिचारा निर्दोष. फ्लॅपची छापील बाजू चौथ्या पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटते. त्या छापील बाजूवर फिल्म होती. पेस्टिंगचा पांढरा गम पाण्याचा, कागदात मुरून धरतो. फिल्ममध्ये मुरणार कुठे? तंतू फाटून आले असते तर जोड पक्का होता आणि ताण जास्त होता असं म्हटलं असतं.

वॉर्निश असेल तर फ्लॅपपुरतं ते लावायचंच नाही, तशी जागा सोडता येते. शाईसुद्धा क्रीझ ओलांडून फक्त दोन-तीन मिमी फ्लॅपवर जाऊ द्यायची, म्हणजे कोपऱ्यात पांढरं दिसत नाही, आणि बाकी फ्लॅप कोरा. फिल्म मात्र रोलवरून अख्ख्या शीटवर बसते, फ्लॅपपुरती सोडता येत नाही. मग डायमध्येच फ्लॅपच्या जागी तुटक कापणारी पट्टी टाकतात. ती फिल्मला चिरा पाडते आणि गमाला खाली कागद सापडतो. किंवा लॅमिनेशनसाठीचा वेगळा गम वापरायचा.

आणि ताण कुठून येतो तेही बघा. खोका चपटा येतो तेव्हा चारांपैकी दोनच क्रीझ पूर्ण वळलेल्या असतात. बाकी दोन, म्हणजे फ्लॅपशेजारची आणि तिच्या समोरची, सपाट पडून असतात. पेस्टिंगच्या आधी त्या एकदा वळवून घेतल्या नाहीत तर महिनाभर चपटे राहिलेले खोके उघडताना तोंड चौकोनी होत नाही, तिरकं राहतं, आणि तो सगळा हट्ट सांध्यावर येतो. हातानं पेस्टिंग करून घेणार असाल तर बायकांना आधी त्या दोन घड्या मोडून घ्यायला सांगा. अर्ध्या मिनिटाचंही काम नाही.

रानजाई

आमच्याकडे पेस्टिंग गटातल्या बायकाच करणार आहेत, हे छापून भिंतीवर लावते.

मग लॅमिनेशन की वॉर्निश? तेलाचा हात लागतो, दुकानदार बाटली काढून दाखवतात, खोक्यावर डाग पडतात. वॉर्निशवर तेल किती टिकेल?

तारांगण

पाण्याच्या वॉर्निशवरून ताजं बोट पुसलं जातं. थेंब तसाच राहिला तर कापलेल्या कडेनं आत जातो, आणि कडेनं तर लॅमिनेशनमधूनही जाईल. मी वॉर्निश घेईन, पेस्टिंग सोपं होतं.

सरळरेष

गडद हिरव्यावर वॉर्निशला नखाचे ओरखडे उठून दिसतात. मी अजूनही मॅट फिल्म आणि तुटक पट्टी याच बाजूनं आहे.

मीनल_ठाणे

दोन्हीचे तुकडे प्रेसकडून घेऊन त्यावर तुझंच तेल लावून आठवडाभर ठेव. इथे बसून ठरणार नाही.

रानजाई, तुझा पूर्ण नकाशा १५२.५ × २००.५ आहे, म्हणजे घरच्या प्रिंटरवर ए-फोर कागदात मूळ मापात मावतो. छापताना `Fit to page` काढून `Actual size` ठेव आणि आलेल्या प्रिंटवर पट्टीनं १५२.५ मोजून बघ. मग तो कागद बोर्डाच्या तुकड्यावर चिकटवून डमी कर. चिकटवलेल्या कागदानं जाडी वाढते, म्हणून फक्त कडांना टाचणीनं खुणा करून कागद काढून टाक आणि बोर्डच काप. क्रीझ संपलेल्या बॉलपेनानं पट्टी लावून पाडता येते.

रानजाई

बोर्डाचा तुकडा आणला. मायक्रोमीटर गावातल्या लेथवाल्यांकडे मिळाला, जाडी ०.४६. म्हणजे काकांची मापं तशीच राहिली.

डमी केला. बाटली आत सरकते, हलवली तर किंचित आवाज येतो पण खडखडत नाही. झाकण सपाट बसतं. पायरी न ठेवता दुसरा डमी मुद्दाम करून बघितला, त्याचं झाकण खरंच मध्ये वर राहिलं. चौथ्या पॅनलची कड कोपऱ्याच्या जराशी आत थांबते, बोटाला लागत नाही.

एक शंका उरली. भरलेली बाटली घालून खोका वरून धरून उचलला की खालचं झाकण बाटलीच्या वजनानं हळूहळू सुटतं. माझ्या डमीला जिभेच्या क्रीझला कट नाहीत. खाली लॉक बॉटम करावं का?

तारांगण

काच आहे, लॉक बॉटमच करा. खालची चार पानं एकमेकांत अडकणारी. डाय थोडा महाग, बोर्ड थोडा जास्त, पण बाटली पडली तर तेल आणि नाव दोन्ही जातं.

रूल_आणि_रबर

भरलेली बाटली शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असेल. एवढ्याला मी आधी कट देऊन बघेन. झाकण आणि जीभ यांच्यामधल्या क्रीझच्या दोन्ही टोकांना साडेचार-पाच मिमी क्रीझऐवजी सरळ काप. जीभ आत गेली की डस्ट फ्लॅपचा खांदा त्या फटीत अडकतो आणि झाकण ओढल्याशिवाय निघत नाही. डस्ट फ्लॅपची झाकणाच्या जिभेकडची कड त्यासाठी क्रीझपासून थोडी सरळ ठेवावी लागते, लगेच तिरकी कापली तर अडकायला खांदाच राहत नाही. लॉक बॉटम केलंत तर खालची पानं मोठी होतात आणि शीटवर नग एकमेकांत बसायची ती सोय जाते. पंधराचे किती उरतील ते तारांगण यांनाच मांडून बघावं लागेल.

तारांगण

उद्या मांडून सांगतो. माझा अंदाज बारा, पण खालच्या पानांची खोली किती ठेवता त्यावर आहे.

रानजाई

दोन्ही डमी करते, एक कट देऊन आणि एक लॉक बॉटमचा. दोन्हीत भरलेली बाटली घालून टेबलाच्या उंचीवरून खाली सोडून बघते आणि फोटो टाकते. तोपर्यंत डायची ऑर्डर थांबवली आहे.

कुडाळचा_बाळू

काका, प्रेसवाल्याशी बोललो. ग्रेन फिरवला तर शीटमागे दोन नग कमी बसतात म्हणतो, नगाला थोडा दर वाढेल. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती वेगळी खेप करून घ्यावी का बारा महिने तेच ठेवावं?

रूल_आणि_रबर

डाय तोच राहील, फक्त शीटवरची मांडणी फिरेल, पण एकाच वेळी अनेक नग पंच करणारा डाय असेल तर तो नवीन करावा लागेल. तुझा डाय किती नगांचा आहे ते आधी विचार, मग सांगतो.